साखर ४६, आणि कपाळ कोरडं

प्रश्न: माझे बाबा ६८ वर्षांचे आहेत. २१ वर्षं मधुमेह, गेली ९ वर्षं इन्सुलिन. पूर्वी शुगर लो झाली की घाम फुटायचा, हात कापायचे, स्वतःच साखर मागायचे. आता मीटरवर ४६ दिसतं आणि ते म्हणतात, मला काही होत नाहीये. शरीराला सवय झाली म्हणायची का? की काळजी करायची?

उत्तर:

काळजी करायची, आणि वेळ न घालवता. मी फिजिशियन आहे. तालुक्याच्या गावात ओपीडी चालवतो आणि "मला काही होत नाहीये" हे वाक्य मी अनेकदा ऐकलं आहे. पूर्वी घाम येणारा पेशंट आता घाम येत नाही म्हणून खूश असतो, घरचेही निर्धास्त होतात. मला मात्र घाम येणाऱ्या पेशंटपेक्षा न येणाऱ्याची भीती जास्त वाटते. का, ते सांगतो.

आधी तो घाम म्हणजे नक्की काय होतं ते बघू. घाम, थरथर, छातीत धडधड यांना आपण साखर कमी झाल्याची लक्षणं म्हणतो. खरं तर ती साखर वर काढायला धावलेल्या यंत्रणेची लक्षणं आहेत. साखर कमी झाल्याची स्वतःची लक्षणं वेगळी: बोलणं अडखळतं, हिशोब चुकतो, माणूस विनाकारण चिडतो, एकटक बघत बसतो, शेवटी झटके येतात किंवा शुद्ध जाते. पहिली लक्षणं येतात तोवर माणूस स्वतःहून साखरेच्या डब्यापर्यंत पोचतो. दुसरी आली की बऱ्याचदा साखर खायची हेच त्याला सुचत नाही.

ही यंत्रणा किती काटेकोर असावी लागते हे एका आकड्यावरून कळेल. मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण ५ लिटर रक्त असतं आणि त्या सगळ्या रक्तात मिळून साखर असते सुमारे ५ ग्रॅम. म्हणजे चहाचा एक चमचा. एकटा मेंदू तासाला जवळपास तेवढीच साखर जाळतो. तरीही तुम्ही रात्री आठला जेवून सकाळी दहापर्यंत काही खाल्लं नाही तर तुमची साखर ७०-८० च्या खाली जात नाही, कारण यकृत आपल्या साठ्यातून ती सतत सोडत असतं. हा साठा, म्हणजे ग्लायकोजेन, जेमतेम ८०-१०० ग्रॅम असतो. तो संपत आला की यकृत आणि काही प्रमाणात मूत्रपिंडं स्नायूंतून आलेली आम्लं आणि चरबीतलं ग्लिसरॉल वापरून नवी साखर तयार करतात. स्नायूंतही ग्लायकोजेन भरपूर असतं, पण त्यातली साखर स्नायूला रक्तात सोडता येत नाही. त्यासाठी लागणारं एन्झाइम त्याच्याकडे नसतं.

मग यकृताला सोडायला कोण सांगतं? निरोगी माणसात हे पायरीपायरीनं होतं. साखर ८० च्या आसपास उतरली की सगळ्यात आधी स्वादुपिंड इन्सुलिन सोडणं कमी करतं. इन्सुलिन हा यकृताच्या दारावरचा आडणा समजा, तो सैल झाला की साखर बाहेर येऊ लागते. बहुतेक वेळा एवढ्यावरच भागतं. साखर तरीही ७० ते ६५ च्या दरम्यान आली तर स्वादुपिंडाच्याच अल्फा पेशी ग्लुकागॉन सोडतात. ते थेट यकृतात जातं आणि काही मिनिटांत ग्लायकोजेन फोडायला लावतं. त्याच सुमारास मूत्रपिंडांच्या डोक्यावरच्या अ‍ॅड्रेनल ग्रंथींतून अ‍ॅड्रेनलिन सुटतं. तेही यकृताला कामाला लावतं, वर स्नायूंना साखर खेचण्यापासून अडवतं, चरबी फोडून नव्या साखरेचा कच्चा माल पुरवतं आणि उरलंसुरलं इन्सुलिन सुटणंही दाबतं. धडधड आणि थरथर येते ती यातून. घाम त्याच वेळी जाग्या झालेल्या सिम्पथेटिक नसांमुळे येतो. साधारण ५५ च्या जवळ माणसाला हे सगळं जाणवायला लागतं आणि ५० च्या खाली मेंदूचं काम ढेपाळायला लागतं. माणसागणिक हे आकडे थोडे पुढेमागे होतात, पण क्रम हाच राहतो. घंटा आधी वाजते, दिवे नंतर मंदावतात.

कॉर्टिसॉलचं नाव या यादीत नेहमी असतं, पण त्याच्याकडून ऐन वेळी फार अपेक्षा ठेवू नये. तेही वाढतं, मात्र त्याचं काम तासांच्या हिशोबानं चालतं. यकृताला नवी साखर बनवायची तयारी करून देणं आणि साखर कमी असलेली अवस्था लांबली तर टिकून राहायला मदत करणं, हे त्याचं काम. दहा मिनिटांत माणसाला उभं करणं त्याला जमत नाही. त्याची किंमत कळते ती ते नसतं तेव्हा. सांधेदुखीसाठी वर्षानुवर्षं स्टिरॉइडच्या गोळ्या घेतलेल्या माणसानं त्या एकदम बंद केल्या तर अ‍ॅड्रेनल ग्रंथी झोपलेल्याच असतात, आणि अशा माणसाची साखर नुसत्या उपासानंही घसरू शकते. बाबांच्या औषधांत अशा गोळ्या होत्या का, हे एकदा आठवून बघा.

आता बाबांच्या शरीरात काय झालं असेल त्याकडे येऊ.

पहिली पायरी होती इन्सुलिन कमी करण्याची. ते आता स्वादुपिंडातून येत नाही, सिरिंजमधून येतं. एकदा पोटाच्या कातडीखाली गेलं की साखर ४६ असो की ४०, ते आपल्या वेळेपर्यंत काम करत राहणार. ते मागे घेता येत नाही. पहिली पायरी गेली.

दुसरी पायरी ग्लुकागॉनची, आणि इथली गंमत समजून घेण्यासारखी आहे. ग्लुकागॉन बनवणाऱ्या अल्फा पेशी मधुमेहात जिवंत असतात. काही वेळा तर त्या जेवणानंतर, नको तेव्हा, ग्लुकागॉन सोडून साखर आणखी वाढवतात. पण साखर पडते तेव्हा त्या गप्प राहतात. याचं कारण त्यांच्या शेजारी आहे. अल्फा पेशी इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींना चिकटून राहतात, आणि "आता सोड" ही मोठी खूण त्यांना मिळते ती शेजारून येणारं इन्सुलिन अचानक ओसरण्यातून. बीटा पेशीच उरल्या नाहीत तर ओसरणार काय? १९७३ मध्येच दिसून आलं होतं की टाइप १ च्या रुग्णांत साखर पडली तरी ग्लुकागॉन वाढत नाही. त्यांच्यात हे पहिल्या काही वर्षांतच घडतं. टाइप २ मध्ये बीटा पेशी हळूहळू संपतात, म्हणून हे उशिरा येतं. २१ वर्षांनी, इन्सुलिनवर आलेल्या माणसात, टाइप २ या बाबतीत टाइप १ सारखाच वागायला लागलेला असतो.

म्हणजे उरलं एकटं अ‍ॅड्रेनलिन. ते शाबूत असेल तर माणूस बऱ्यापैकी सुरक्षित असतो. तुमच्या बाबांना पूर्वी घाम फुटायचा, तेव्हा तेच त्यांना सांभाळत होतं. ते बोथट कसं झालं?

बरेच जण सांगतील की मधुमेहानं नसा खराब झाल्या, त्यामुळे घाम येत नाही. काहींच्या बाबतीत ते थोडं खरं असतं. पण मोठं कारण दुसरंच आहे, आणि ते सुधारण्यासारखं आहे म्हणून मी त्यावर थांबतो. १९९१ मध्ये सायमन हेलर आणि फिलिप क्रायर यांनी मधुमेह नसलेल्या, निरोगी माणसांवर एक प्रयोग केला. एका दुपारी त्यांची साखर इन्सुलिन देऊन मुद्दाम ५० च्या आसपास उतरवली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा उतरवली. दुसऱ्या वेळी अ‍ॅड्रेनलिन कमी सुटलं आणि लक्षणंही कमी जाणवली. या माणसांच्या नसा ठणठणीत होत्या. फक्त आदल्या दुपारी एकदा साखर पडली होती, एवढंच.

साखर एकदा पडली की पुढच्या वेळची घंटा आणखी खालच्या आकड्याला वाजते. ती उशिरा वाजते म्हणून साखर जास्त खाली जाते, जास्त वेळ खाली राहते, आणि त्यामुळे त्याच्या पुढची घंटा आणखी खाली सरकते. ६५ ला वाजणारी ५५ ला, मग ४५ ला. मेंदू ढेपाळतो तो आकडा मात्र फारसा खाली सरकत नाही, त्यामुळे क्रमच उलटतो. आधी दिवे मंदावतात, घंटा नंतर वाजते किंवा वाजतच नाही. (उलटंही होतं. ज्याची साखर महिनोन्‌महिने ३०० च्या घरात होती, त्याला ती ११० वर आली तरी घाम फुटतो. त्याची घंटा वर सरकलेली असते.) तुम्ही ज्याला सवय म्हणताय ती ही. सहनशक्ती वाढलेली नाही.

यात झोप भर घालते. गाढ झोपेत अ‍ॅड्रेनलिनचा प्रतिसाद जागेपणीपेक्षा कमी असतो. त्यामुळे रात्रीचे लो कुणालाच कळत नाहीत, आणि दिवसाची घंटा बिघडवतात ते बहुतेक वेळा हेच.

माझ्या एका पेशंटचं सांगतो, ओळख पटणार नाही इतपत बदलून. ६६ वर्षांचे निवृत्त शिक्षक, आपण त्यांना गुरुजी म्हणू. मधुमेह २३ वर्षांचा. ३०/७० चं मिश्र इन्सुलिन सकाळी २४ युनिट, रात्री १८, वर ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारं एचबीए१सी ६.१ होतं आणि त्याचं घरात कौतुक होतं. साखरेची वही स्वतः लिहायचे, शाळेच्या फळ्यावर लिहावं तशा टपोऱ्या अक्षरात. त्या दिवशी सूनबाई घेऊन आल्या होत्या, तक्रार एवढीच की अप्पा हल्ली सकाळी विचित्र वागतात, उजवी चप्पल डाव्या पायात घालतात आणि सांगितलं की रागावतात.

गुरुजी समोर बसून नीट बोलत होते. नातवाच्या परीक्षेबद्दल सांगत होते. फक्त तेच वाक्य त्यांनी दोनदा सांगितलं. मी वही पुढे करून म्हटलं, गुरुजी, आजची तारीख घाला. त्यांनी १७ लिहिलं, त्याच्यापुढे परत १७, आणि पेन तसंच टेकवून ठेवलं. कपाळाला हात लावला तर कोरडं ठणठणीत. नाडी ७६. बोटाला सुई टोचली तर मीटरवर ४४. विचारलं, काही होतंय का? म्हणाले, छे, मस्त आहे.

ग्लुकोज पावडरचे तीन चमचे, म्हणजे साधारण १५ ग्रॅम, पाण्यात दिले. पंधरा मिनिटांनी ६६. पुन्हा तेवढेच दिले. अर्ध्या तासानं ९८. तेव्हा त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि सुनेला विचारलं, "आपण इथं कधी आलो?" ४४ ला त्यांचा चेहरा आणि आवाज नेहमीसारखाच होता, आणि त्या अर्ध्या तासातलं काहीही त्यांना आठवत नव्हतं.

मी सूनबाईंना चार रात्री ३ वाजता साखर बघायला सांगितली. ५७, ४९, ७१, ५३. सकाळी उठल्यावरचे आकडे १००-११० चे, म्हणून वहीत सगळं छान दिसत होतं. हिशोब असा होता: रात्री ८ चं मिश्र इन्सुलिन, त्यातलं ७० टक्के संथ, ते साधारण चार ते दहा तासांत जोर धरतं, म्हणजे मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत. गुरुजी संध्याकाळी देवळापर्यंत तासभर चालत आणि रात्री एका भाकरीवर भागवत. चालण्यानं स्नायू पुढचे कित्येक तास जास्त साखर खेचत राहतात. त्यात ग्लिमेपिराइड उरल्यासुरल्या बीटा पेशींकडून साखर कमी असतानाही इन्सुलिन काढत होतं. रोज रात्री घंटा बोथट होत होती, आणि दिवसा ती वाजत नव्हती.

आम्ही ग्लिमेपिराइड बंद केलं. रात्रीचं मिश्र इन्सुलिन काढून चोवीस तास एकसारखं चालणारं इन्सुलिन १२ युनिटनं सुरू केलं, सकाळचा डोस थोडा उतरवला. आणि महिनाभर उपाशीपोटीचं लक्ष्य मुद्दाम वर ठेवलं, ११० ते १५०. गुरुजींना हे अजिबात आवडलं नाही. आयुष्यभर पैकीच्या पैकी मार्क काढणाऱ्या माणसाला मुद्दाम ७० टक्के काढायला सांगण्यासारखं होतं ते. पण लक्ष्य एकच होतं: तीन आठवडे एकदाही ७० च्या खाली जायचं नाही, दिवसा नाही आणि रात्रीही नाही. लो पूर्ण टाळले तर घंटा परत वर सरकते, हे १९९० च्या दशकात वेगवेगळ्या ठिकाणी तपासलं गेलं आहे. दोन-तीन आठवड्यांत फरक दिसायला लागतो, पूर्ण परिणामाला काही महिने लागू शकतात.

चौथ्या आठवड्यात सकाळी साडेअकराला गुरुजींचा फोन आला. आवाज कापत होता. "डॉक्टर, घाम आलाय. हात थरथरतायत. मीटर ६३ दाखवतंय, मी साखर खाल्लीय." जेवायला उशीर झाला होता, बस्स. त्या फोनचा मला झालेला आनंद मी लपवला नाही. पुढच्या तपासणीत त्यांचं एचबीए१सी ७.२ आलं, आणि त्यांच्या वयाला नि इतक्या जुन्या मधुमेहाला मी ते ६.१ पेक्षा केव्हाही चांगलं म्हणेन.

पण परत काय आलं आणि काय नाही, हे वेगळं ठेवायला हवं. जाणीव परत आली, अ‍ॅड्रेनलिन बऱ्याच अंशी परत आलं. ग्लुकागॉन आलं नाही, आणि बीटा पेशी गेल्यावर ते येतही नाही. ६३ ला गुरुजींकडे एकच आधार आहे, आणि रात्रीच्या दोन-तीन लोंनी तोही पुन्हा जाऊ शकतो.

आता तुमच्या बाबांसाठी. आज रात्री ३ चा गजर लावा आणि साखर बघा, असं तीन-चार रात्री करा. आकडे तारखेसह लिहून त्यांच्या डॉक्टरांकडे या आठवड्यातच जा. ४६ येऊनही काही जाणवलं नाही, हे सुरुवातीलाच सांगा. डोस स्वतःच्या मनानं बदलू नका, पण हे आकडे बघून कुणीही डॉक्टर विषय गांभीर्यानं घेईल. औषधांची पिशवी सोबत न्या. त्यात ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड आहे का ते विचारा. मूत्रपिंडं कमजोर असतील तर ही औषधं आणि इन्सुलिन दोन्ही अपेक्षेपेक्षा जास्त वेळ रेंगाळतात, म्हणून क्रिएटिनिनही बघायला सांगा. बीपी किंवा हृदयासाठी प्रोप्रानोलॉलसारखी गोळी असेल तर ती धडधड आणि थरथर झाकते, घाम मात्र झाकत नाही. परवडत असेल तर दंडावर लावायचा सेन्सर रात्री गजर देतो. बाबांची स्वतःची घंटा परत येईपर्यंत तो खूप उपयोगी पडतो.

व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही गोळी असेल तर एक गोष्ट घरात सगळ्यांना सांगून ठेवा. लो झाल्यावर घरातली साखर, पेढा किंवा बिस्किट त्यांना लवकर लागू पडणार नाही, कारण ती गोळी आतड्यात साखर फोडूच देत नाही. त्यांच्यासाठी मेडिकलमधली ग्लुकोज पावडरच हवी, उशाशी आणि खिशात दोन्हीकडे.

आणि ७० च्या खाली आकडा दिसला की "काही होतंय का?" हे विचारत बसू नका. १५ ग्रॅम ग्लुकोज द्या, १५ मिनिटांनी परत टोचा, ७० च्या वर जाईपर्यंत तेच करा, आणि मग भाकरी किंवा पोळी असं काही खायला घाला. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांमुळे साखर पडली असेल तर ती सावरल्यावरही पुन्हा पडू शकते, तेव्हा दवाखान्यात एक दिवस थांबायला सांगितलं तर थांबा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी किंवा साखर अजिबात घालू नका, ते श्वासनलिकेत जाईल. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. अशा वेळी द्यायचं ग्लुकागॉनचं इंजेक्शन मिळतं, पण ते यकृतातल्या साठ्यावरच चालतं. दिवसभराचा उपास झाला असेल किंवा दारू घेतली असेल तर ते फारसं लागू पडत नाही, आणि शिरेतून ग्लुकोज हाच उपाय उरतो.